सरासरी १५ टक्के, वाढ मात्र जवळजवळ शून्य: चढउतार चक्रवाढ कशी खातात

२००७ अखेर सेन्सेक्स २०,२८७ वर होता. २००८ च्या मंदीत तो ९,६४७ वर आला, २००९ अखेर १७,४६५ वर गेला आणि २०१० अखेर २०,५०९ वर बंद झाला. वर्षावर्षाचे आकडे मांडले तर उणे ५२.४, अधिक ८१ आणि अधिक १७.४ टक्के. तिन्हींची बेरीज करून तीनने भागलं की वर्षाला १५.३ टक्के सरासरी परतावा निघतो. या हिशेबाने एक लाखाचे तीन वर्षांत दीड लाखाच्या वर जायला हवे होते. प्रत्यक्षात लाभांश सोडला तर एक लाखाचे १,०१,१०० झाले, म्हणजे वर्षाला ०.३६ टक्के वाढ. बेरजेत किंवा भागाकारात कुठेही चूक नाही, तरीही उत्तर खोटं आहे.

याचं कारण असं की पैसा बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. शंभर रुपये १० टक्क्यांनी वाढून १० टक्क्यांनी घसरले तर ११० चे ९९ होतात. आधी घसरून मग वाढले तरी ९९ च. इथे क्रमाला महत्त्व नाही. घट आणि वाढ दोन्ही x एवढी असेल तर (1 + x)(1 − x) = 1 − x², आणि हा x² दर दोन वर्षांनी खिशातून जातो. तो दोन वर्षांत वाटला की वर्षाला साधारण त्याच्या निम्मा. याचं व्यापक रूप म्हणजे G ≈ A − σ²/2. A ही साधी सरासरी, G हा प्रत्यक्ष चक्रवाढ दर आणि σ² हा व्हेरियन्स, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. वरच्या तीन वर्षांचा व्हेरियन्स ०.२९७ येतो. त्याचा निम्मा भाग म्हणजे १४.९ टक्के, तो १५.३ मधून वजा केला की ०.४ च्या आसपास उरतं. एवढ्या प्रचंड हेलकाव्यांत हे सूत्र इतकं जवळ यावं हा थोडा योगायोग आहे, ते मुळात लहान चढउतारांसाठीचं आहे. २००८ आणि २००९ ही दोनच वर्षं घेतली तर सूत्र वर्षाला उणे ८ टक्के सांगतं, खरा दर उणे ७.२ आहे.

ही जाणीव शेअर बाजाराच्या आधुनिक अभ्यासाहून खूप जुनी आहे. १७३८ मध्ये गणितज्ञ डॅनिएल बर्नुली यांचा जोखमीच्या मोजमापावरचा लॅटिन निबंध सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने छापला. त्यातलं एक उदाहरण मला आजही या विषयाचं सर्वांत स्वच्छ स्पष्टीकरण वाटतं. पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅममध्ये माल घेतला आहे. तो सुखरूप पोचला तर १०,००० रूबल मिळतील. त्या मोसमात शंभरातली पाच जहाजं बुडतात आणि विमा उतरवायचा तर ८०० रूबल लागतात. साध्या सरासरीने अपेक्षित नुकसान ५०० रूबल, म्हणून विमा महाग. बर्नुलींनी मात्र विचारलं, या माणसाकडे आणखी किती आहे? शक्य निकालांचा त्यांनी भूमितीय मध्य काढला, म्हणजे प्रत्येक निकालानंतरच्या संपत्तीला तिच्या शक्यतेचा घात देऊन त्या सगळ्यांचा गुणाकार केला. उत्तर आलं ५,०४३ रूबल. गाठीला याहून कमी असेल तर ८०० रूबल देऊनही विमा घेणंच शहाणपणाचं. हा आकडा पडताळून पाहता येतो: ५,०४३ मध्ये विम्यानंतरचे ९,२०० मिळवले की १४,२४३ होतात, आणि विम्याशिवायचा भूमितीय मध्यही तेवढाच भरतो. एकच जहाज बुडाल्यावर तुमच्याकडे जे उरतं, पुढचा व्यापार तेवढ्याच भांडवलावर होतो, ही गोष्ट साध्या सरासरीला दिसतच नाही.

त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने हा विचार गुंतवणुकीत ठामपणे आला. १९५६ मध्ये बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा पैज लावणाऱ्याने संपत्तीच्या लॉगॅरिदमची सरासरी जास्तीत जास्त होईल एवढाच हिस्सा लावावा. १९५९ मध्ये हेन्री लाटाने यांनी शेअर-निवडीसाठी भूमितीय मध्याचा निकष मांडला, आणि त्याच वर्षी हॅरी मार्कोविट्झ यांनी आपल्या पुस्तकात दीर्घकालीन परताव्याला स्वतंत्र प्रकरण देऊन वरच्या सूत्राचा उपयोग दाखवला.

सूत्रातला वर्ग किती महत्त्वाचा आहे हे सामान्य गुंतवणूकदारांना कळलं ते २००८-०९ मध्ये, दुप्पट परताव्याच्या ईटीएफमुळे. अमेरिकेत २००६ पासून असे फंड आले. ते निर्देशांकाच्या रोजच्या हालचालीच्या दुप्पट देण्याचं वचन देतात, आणि ते ‘रोजच्या’च असतं. निर्देशांक एक दिवस १० टक्के वर आणि दुसऱ्या दिवशी १० टक्के खाली गेला की १०० चे ९९ होतात. दुप्पट फंड १२० वर जाऊन २० टक्के घसरतो आणि ९६ वर येतो. निर्देशांकाला १ रुपयाची घट, फंडाला ४ रुपयांची. उचल, म्हणजे उसन्या पैशाच्या जोरावर लावलेला डाव, दुप्पट केली की सरासरी दुप्पट होते, पण व्हेरियन्स चौपट. म्हणून एका मर्यादेपलीकडे उचल वाढवली की वाढ कमी होऊ लागते, आणि केलींच्या हिशेबातून निघणारी मर्यादाही हीच. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने आणि तिथल्या दलालांवर देखरेख करणाऱ्या फिन्रा या संस्थेने संयुक्त इशारा काढला. त्यात डिसेंबर २००८ ते एप्रिल २००९ मधलं खरं उदाहरण होतं: तेल आणि वायू कंपन्यांचा एक निर्देशांक २ टक्के वाढला होता आणि त्याचा दुप्पट फंड ६ टक्के घसरला होता.

आपल्याकडे म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत वर्षाहून अधिक काळाची कामगिरी सीएजीआरमध्ये, म्हणजे वार्षिक चक्रवाढ दराने, द्यावी लागते. सीएजीआर सुरुवातीच्या आणि शेवटच्या मूल्यावरून निघतो, त्यामुळे चढउतारांची घट त्यात आधीच आलेली असते. त्यातून ती पुन्हा वजा करू नये. धोका असतो तो कुणी वर्षावर्षाच्या परताव्यांची सरासरी काढून पुढच्या २० वर्षांचं गणित मांडतो तेव्हा. ओळखायची रीत सोपी आहे: पहिल्या दिवसाचं आणि शेवटच्या दिवसाचं एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं मूल्य, मागा, आणि दाखवलेल्या दराने पहिल्या आकड्यापासून दुसरा येतो का ते पाहा.

तरीही साधी सरासरी निरुपयोगी आहे असं नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांनी भूमितीय मध्याच्या निकषाला आयुष्यभर विरोध केला. १९७९ चा त्यांचा एक लेख तर, शेवटचा शब्द वगळता, एकेका सिलेबलच्या इंग्रजी शब्दांत लिहिलेला आहे. प्रत्येकाला दीर्घकालीन वाढच हवी असते असं नाही, हा त्यांचा मुद्दा मला रास्त वाटतो. वर्षाला निम्म्या शक्यतेने ५० टक्के नफा आणि निम्म्या शक्यतेने ४० टक्के तोटा देणारी गुंतवणूक घ्या. सरासरी अधिक ५ टक्के, चक्रवाढ दर उणे ५.१ टक्के. दोन वर्षांनी १०० रुपयांचे चार सारखेच संभाव्य निकाल असतात: २२५, ९०, ९० आणि ३६. यांची सरासरी ११०.२५ येते, म्हणजे वर्षाला ५ टक्के वाढ बरोबर जुळते. पण चारांपैकी तिघे तोट्यात आहेत, आणि सगळी सरासरी त्या एकट्या २२५ वाल्यावर उभी आहे. वर्षं वाढतील तशी ती आणखी कमी लोकांवर टेकत जाते.