काकडी देठाशीच कडू का?

कोशिंबिरीला काकडी घेतली की आधी देठाचं टोक कापायचं, त्याच चकतीला मीठ लावून कापलेल्या जागी गोल गोल घासायचं आणि पांढरा फेस आला की "निघालं विष" म्हणायचं. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, केलंयही. फेस खरोखर येतो, पण कडूपणा त्याच्याबरोबर जातो का, हे समजायला काकडीच्या कुळापर्यंत जावं लागतं.

काकडी मूळची आपल्याच उपखंडातली. संस्कृतातलं त्रपुस म्हणजे आपल्या कोकण-गोव्यातलं तवसं. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण अजून उगवते. शास्त्रज्ञ तिला हार्डविकी म्हणतात. अंड्याएवढं छोटं फळ, आणि नुसतं देठाशी नाही, सगळंच कडूजहर. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा. काकडीत त्यातला 'सी' प्रकार असतो. फळ खाणाऱ्या जनावरांना आणि किड्यांना लांब ठेवणं हे त्याचं काम. माणसानं पिढ्यान् पिढ्या त्यातल्या त्यात कमी कडू फळांचं बी राखलं आणि त्यातून आजची काकडी आली.

या निवडीत नेमकं काय बदललं, ते 2014 मध्ये चिनी शास्त्रज्ञांच्या एका गटानं उलगडलं. कडू द्रव्य तयार करणारी नऊ जनुकं त्यांना सापडली आणि त्यांना चालू-बंद करणारी दोन बटणंही: एक पानांसाठी, एक फळासाठी. शेतीच्या काकडीत फळाचं बटण ढिलं पडलंय, पानांचं मात्र शाबूत आहे. पटत नसेल तर वेलाचं पान चावून पाहा. म्हणजे वेलातला कडूपणा देठातून फळात उतरतो हा समज बरोबर नाही. फळ स्वतःच तो बनवतं. कडक ऊन, पाण्याची ओढ किंवा अचानक थंडी पडली की हे बटण काही जातींत पुन्हा थोडंफार चालू होतं. तेव्हा द्रव्य जास्त करून देठाकडे आणि सालीच्या लगेच खाली साठतं, फुलाकडच्या टोकाला क्वचितच पोचतं. शेजारी कारलं लावल्यानं काकडी कडू होत नाही. दोघांचा संकर होत नाही, आणि तसंही आपण खातो तो गर आईवेलाचाच असतो, परागाचा नाही.

कडू द्रव्य बनवणाऱ्या जनुकांपैकी एक निकामी झालेली, पूर्ण बिनकडू काकडीही आहे. 1959 मध्ये नेदरलँड्सच्या आंडेवेग आणि डी ब्रॉयन यांनी एका अमेरिकन जातीत पानांसकट बिनकडू असलेलं झाड मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. अशी झाडं ओळखायची रीत मजेशीर आहे: रोपाच्या पहिल्या दोन पानांचा तुकडा चावायचा, तोंड वाकडं झालं की रोप बाद. तिकडच्या हरितगृहांतल्या लांब काकड्यांना हा गुण त्यातूनच मिळाला. फुकट मात्र नाही. 1971 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की अशा झाडांकडे काकडीवरचे भुंगेरे कमी फिरकतात, पण लाल कोळी जास्त येतो.

आता मीठ आणि फेस. कापल्यावर बाहेर येतो तो वेलवर्गातल्या फळांचा चिकट रस. घासला की हवा मिसळून फेसाळतो, गोड काकडीतही. कुकुर्बिटासिन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे गरात साठलेलं असं घासून बाहेर येत नाही. मिठानं जिभेला कडू कमी लागतं, एवढं खरं. माझ्या मते या विधीत उपयोगाचा भाग एकच: टोक कापलं जातं. फक्त आपण अर्धा सेंटिमीटर कापतो आणि ते पुरत नाही.

वीतभर काकडी असेल तर असं करून पाहा. साल फुलाकडून देठाकडे काढा, म्हणजे देठाचा कडू रस सुरीबरोबर गोड भागावर ओढला जात नाही. देठाकडे साल जरा जाड निघू द्या. मग दोन-अडीच सेंटिमीटर टोक कापून टाका, सुरी धुवा, पुढची पातळ चकती जिभेवर ठेवा. कडू लागली तर आणखी बोटभर कापा. मध्यापर्यंत कडूच लागत राहिली तर काकडी टाकून द्या. थालीपिठात ढकलू नका, शिजवून हे द्रव्य जात नाही. एकदम कडूजहर फळ तर खाऊच नये. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, ती याच द्रव्यांमुळे.

घरी वेल असेल तर उन्हाळ्यात पाण्याचा खाडा पडू देऊ नका, बुंध्याशी पालापाचोळा पसरा आणि फळं कोवळी असतानाच काढा.