प्रमाण विभवाच्या कोष्टकामागची चिन्हांची गोष्ट

विद्युतघटाच्या प्रश्नासोबत बहुधा चित्रात प्रमाण विभवांचं कोष्टक दिलेलं असतं. डावीकडे अर्धअभिक्रिया, म्हणजे एकाच इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉनांची देवघेव दाखवणारं समीकरण, उजवीकडे व्होल्टमधले आकडे: चांदीपुढे +०.८०, तांब्यापुढे +०.३४, जस्तापुढे −०.७६. हे आकडे त्या त्या धातूचे स्वतंत्र गुणधर्म वाटतात, पण तसे ते नाहीत. एकट्या इलेक्ट्रोडचं विभव कुणालाच मोजता येत नाही, कारण व्होल्टमीटरला दोन टोकं लागतात. म्हणून एक इलेक्ट्रोड शून्य मानून बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायचे, असं ठरलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी त्यासाठी हायड्रोजनचा इलेक्ट्रोड पुढे केला. विल्हेल्म ओस्टवाल्ड मात्र पाऱ्याच्या थेंबांवरच्या प्रयोगांतून निरपेक्ष विभव मिळेल, असं मानत होते. टिकला तो हायड्रोजनचा शून्य.

शून्य ठरला, तरी चिन्हाचा वाद राहिलाच. युरोपात बहुतेकांचं चिन्ह प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेलं होतं: हायड्रोजनशी जोडल्यावर धातूची पट्टी ऋण भाराची होत असेल, तर विभव ऋण. अमेरिकेत अर्धअभिक्रिया ऑक्सिडीकरणाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावण्याच्या, दिशेने लिहायची प्रथा रुजली. बर्कलीचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम लॅटिमर यांचं १९३८ सालचं पुस्तक ‘ऑक्सिडेशन पोटेन्शियल्स’ याच पद्धतीचं होतं. त्यात जस्तापुढे +०.७६ आणि तांब्यापुढे −०.३४ असे आकडे येतात. १९५३ मध्ये स्टॉकहोमला आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने निर्णय दिला, की ‘इलेक्ट्रोड विभव’ हा शब्द फक्त क्षपणाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याच्या, दिशेच्या विभवासाठी वापरायचा. तरीही जुनी पुस्तकं आणि त्यांवरून काढलेली चित्रं पुढे कित्येक वर्षं वापरात राहिली.

म्हणून कोष्टक समोर आलं, की आकड्यांआधी इलेक्ट्रॉन कुठे लिहिले आहेत ते पाहावं. Ag⁺ + e⁻ → Ag असं डावीकडे इलेक्ट्रॉन असतील, तर ती क्षपण विभवं आहेत. उजवीकडे असतील, तर ऑक्सिडीकरणाची. आणखी एक खूण म्हणजे लिथियम: आजच्या कोष्टकात त्याच्यापुढे −३.०४ असतं, उलट्या कोष्टकात +३.०४.

तांबं आणि चांदीचा घट घेऊ. दोन्हींपैकी चांदीचं क्षपण विभव जास्त आहे, म्हणून Ag⁺ चं क्षपण होतं आणि चांदी कॅथोड ठरते. तांब्याचं ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे ते ॲनोड.

E°(घट) = E°(कॅथोड) − E°(ॲनोड) = ०.८० − ०.३४ = ०.४६ व्होल्ट

उत्तर धन आलं, म्हणजे प्रमाण परिस्थितीत Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag ही अभिक्रिया स्वयंस्फूर्त आहे. हेच सूत्र जुन्या कोष्टकावर चालवलं, तर −०.८० − (−०.३४) = −०.४६ मिळतं आणि दिशा उलटी निघते. कोष्टक चूक नसतं, सूत्र चूक नसतं, तरी दोघांची गाठ चुकीची पडते. प्रश्नात अभिक्रिया उलट्या दिशेने दिली असेल, तर मात्र उत्तर ऋणच यायला हवं, आणि तेव्हा ते ‘दुरुस्त’ करू नये.

इथे दुसरी चूक हमखास होते. चांदीची अर्धअभिक्रिया २ ने गुणायची असते, म्हणून ०.८० लाही २ ने गुणतात आणि १.२६ व्होल्ट लिहितात. विभव म्हणजे दर एकक भारामागची ऊर्जा. अभिक्रिया दुप्पट केली, की ऊर्जा दुप्पट होते आणि वाहणारा भारही दुप्पट होतो, म्हणून भागाकार तोच राहतो. गुणायचं असतं ते ऊर्जेच्या सूत्रात, ΔG° = −nFE° मध्ये: इलेक्ट्रॉनांची संख्या n = २, F = ९६,४८५ कुलोम प्रति मोल, आणि उत्तर सुमारे −८९ किलोजूल.

कोष्टकावरून काढलेली दिशा प्रत्येक द्रावणाला लागू पडतेच असं नाही, कारण तिथे प्रत्येक आयनाची संहती १ मोल प्रति लिटर धरलेली असते. तांबं-चांदीत फरक मोठा आहे, तिथे संहती थोडी बदलल्याने काही बिघडत नाही. कथील (−०.१४) आणि शिसं (−०.१३) यांत मात्र फरक फक्त ०.०१ व्होल्ट. प्रमाण परिस्थितीत कथील विरघळतं आणि शिसं जमा होतं. आता Sn²⁺ १ मोल प्रति लिटर ठेवून Pb²⁺ ०.१ वर आणा. २५ अंश सेल्सिअसला नर्न्स्टचं समीकरण सांगतं:

E = ०.०१ − (०.०५९/२) × log(१/०.१) ≈ −०.०२ व्होल्ट

आता शिसं विरघळतं आणि कथील जमा होतं. Sn²⁺ ची संहती Pb²⁺ च्या दुपटीपेक्षा थोडी जास्त झाली, की घट शून्यावर येतो. आकडे इतके जवळ असताना दोन दशांश स्थळांचं कोष्टक दिशा सांगतं, पण तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी प्रश्नात संहती दिली आहे का, ते पाहावं लागतं.