दोन बाटल्या, एकच आकार

काचबिंदूच्या रुग्णाला पुष्कळदा दोन प्रकारचे थेंब दिले जातात. टिमोलॉल सकाळी आणि संध्याकाळी, लॅटानोप्रॉस्ट फक्त रात्री. दोन्ही बाटल्या छोट्या, प्लॅस्टिकच्या, हातात घेतल्या तर बहुतेक सारख्याच. अमेरिकेत टोपणाच्या रंगाचा एक संकेत ठरलेला आहे: टिमोलॉलच्या गटाला पिवळा किंवा निळा, लॅटानोप्रॉस्टच्या गटाला फिरोजी. संकेत चांगला आहे, पण औषध ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या अनेकांना फिरोजी आणि निळा यांतला फरक दिसण्याची शक्यता कमीच.

बाटल्यांची अदलाबदल झाली तर काय होतं? लॅटानोप्रॉस्ट दिवसातून दोनदा पडलं तर डोळ्यातला दाब जास्त उतरत नाही, उलट औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. टिमोलॉलची गोष्ट आणखी गंभीर. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. रात्री लॅटानोप्रॉस्टऐवजी तेच पुन्हा पडलं आणि जादा टिमोलॉल गेलं तर नाडी मंदावते आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागते. म्हणजे चूक डोळ्यात होते आणि छातीत जाणवते. अशा वेळी कोणाला बाटलीचा संशयही येत नाही.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. वय 68, काचबिंदू जुना, जोडीला मधुमेह. नजरेच्या कडा गेल्या आहेत, मधला थोडा भाग शाबूत आहे. औषध देणाऱ्यासमोर त्या उभ्या आहेत. मोठ्या अक्षरांचं लेबल छापून द्यावं, हा पहिला विचार कोणाच्याही मनात येईल. अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाने, म्हणजे अपंगांच्या सोयींचे निकष ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2013 मध्ये औषधांच्या लेबलांसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यांत मोठं अक्षर म्हणजे 18 पॉइंट, साधं, टोकांना फटकारे नसलेलं वळण आणि ठळक रंगभेद असं सांगितलं आहे. 18 पॉइंट म्हणजे पाव इंच.

पण या बाईंची अडचण वेगळी आहे. कडा गेल्या की नजर नळीतून पाहिल्यासारखी होते. अक्षर जितकं मोठं, तितकी कमी अक्षरं त्या नळीत मावतात. शब्दाचं एक टोक दिसेपर्यंत दुसरं निसटतं. नजरेचा मधला भाग गेलेल्या रुग्णाला, म्हणजे मॅक्युलाच्या आजारात, मोठं अक्षर खरोखर उपयोगी पडतं. मोतीबिंदूवाल्याला आकारापेक्षा चकाकी जास्त नडते, म्हणून त्याला गुळगुळीत कागदाऐवजी मॅट कागद हवा. तेव्हा ठरावीक मापाचं छापून हातात देण्याऐवजी तीन वेगवेगळ्या आकारांत तेच वाक्य छापलेला कागद पुढे करावा, घरी वापरतात तो चष्मा घालायला सांगावा आणि कोणतं सहज वाचता येतं ते विचारावं. देवनागरीत आणखी एक मेख आहे. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, यांनाही जागा लागते, त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसू शकतं. इंग्रजीसाठीचा आकडा जसाच्या तसा उचलू नये.

शिवाय पाव इंचाचं अक्षर या बाटलीवर मावतच नाही. ते वेगळ्या कागदावर जातं. मग कोणता कागद कोणत्या बाटलीचा, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. त्याचं उत्तर बोटांना द्यावं लागतं.

बोटं म्हटलं की ब्रेल आठवतं. युरोपीय संघाने 2004 च्या निर्देशानुसार औषधाचं नाव खोक्यावर ब्रेलमध्ये असणं बंधनकारक केलं. मात्र ते खोक्यावर असतं, बाटलीवर नाही, आणि खोका पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातो. दुसरं म्हणजे उतारवयात दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही. ते शिकायचं म्हटलं तरी बोटांची साथ हवी. ब्रेलच्या शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण 2.5 मिलिमीटर अंतर असतं. निरोगी बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगळ्या कळायला 2 ते 3 मिलिमीटर लागतात. म्हणजे ब्रेल मुळातच स्पर्शाच्या सीमेवर उभं आहे. मधुमेहाने किंवा वयाने बोटांची जाण थोडी जरी कमी झाली, तर ठिपके एकमेकांत मिसळून जातात. पाय बधिर होऊ लागले असतील तर हातांकडेही लक्ष ठेवावं.

म्हणून इथे मोठे, चिकटणारे उठावाचे ठिपके बरे. दोन ठिपक्यांमध्ये सेंटिमीटरभर मोकळी जागा सोडली की बधिर बोटालाही ते मोजता येतात. जितक्या वेळा औषध, तितके ठिपके: लॅटानोप्रॉस्टला एक, टिमोलॉलला दोन. मात्र ही आपली पद्धत लादण्याआधी विचारावं. त्यांनी घरी आधीच काही खूण ठरवली असेल, रबर लावत असतील, तर तीच पुढे चालवावी. दोन खुणा एकमेकींशी भांडायला लागल्या तर खूण नसलेली परवडली. रबराचा तोटा एवढाच की ते घसरतं आणि जुनं झालं की तुटतं.

ठिपका टोपणावर कधीच लावू नये, कारण टोपणं सहज बदलली जातात. बाटलीच्या अंगावर लावावा, पण पिळण्याच्या जागी नको आणि मुदतीची तारीख झाकेल असाही नको. मग दोन्ही बाटल्या टेबलावर गोलगोल फिरवाव्यात, डोळे मिटायला सांगावेत आणि म्हणावं, ‘रात्रीची द्या बघू.’ दोनतीन वेळा न चुकता हातात आली की खूण पास. चाचपडणं लांबलं तर ठिपका बदलायचा, बाईंना दोष द्यायचा नाही. लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते. उघडल्यावर बाहेर चालते, तरी काही जण ती थंडच ठेवतात, म्हणजे डोळ्यात थेंब पडल्याचंही कळतं. गार बाटली रात्रीची, ही जोडीची खूण म्हणून छान आहे, पण टेबलावर राहिली की ती पुसली जाते. तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

ठिपका ‘कोणतं’ ते सांगतो, ‘काय आणि कसं’ ते सांगत नाही. ते काम आवाजाचं. बाटलीला जोडायची बटणवाली ध्वनिमुद्रणाची यंत्रं मिळतात. एनएफसी चिपचं लेबलही असतं, फोन अगदी जवळ नेला की मजकूर बोलून दाखवतं. बाटली धातूच्या डब्यात असेल तर ते वाचलं जात नाही. क्यूआर कोड स्वस्त आहे, पण कॅमेरा नेमका रोखण्याची कसरत डोळसांनाच जमते, असं माझं मत. बोलायचा क्रमही ठरवावा: आधी नाव, मग कोणत्या डोळ्यात, किती वाजता, आणि शेवटी उघडल्यापासून कधी टाकून द्यायचं. लॅटानोप्रॉस्टला साधारण चार ते सहा आठवडे, बाटलीवरच्या सूचनेनुसार. दोन औषधांच्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचं अंतर हे वाक्यही घालावं. नाव पहिलं, म्हणजे चुकीची बाटली हातात असेल तर पुढचं ऐकण्याआधीच ती खाली ठेवता येते. मुद्रण तिथल्या तिथे वाजवून ऐकवावं. ऐकू कमी येत असेल तर हा मार्गच बदलावा लागतो.

सगळ्यात धोक्याचा दिवस पुढच्या महिन्याचा असतो. नवी बाटली येते, जुन्यावरचा ठिपका घरी कोणीतरी घाईत काढून नव्यावर लावतं आणि जुनीच ध्वनिफीत नव्या औषधाला जोडली जाते. म्हणून ठिपके आणि मुद्रण नव्याने, औषध देणाऱ्याच्याच टेबलावर, जुनी रिकामी बाटली शेजारी ठेवून करावं. कंपनी बदलली असेल आणि बाटली लांबट किंवा चपटी आली असेल, तर ते आधी तोंडाने सांगावं, दोन्ही आकार हातात द्यावेत, आणि डोळे मिटून ओळखण्याची तीच परीक्षा पुन्हा घ्यावी.