कॉल लागतो, मग नेट का नाही?

सेकंड हँड फोनमध्ये आपलं सिम टाकलं, रेंजच्या काड्या भरल्या, कॉलही लागला, पण नेट काही चालेना, अशा वेळी दुकानात ठरलेलं निदान मिळतं, "फोन लॉक आहे." ते पुरतं खोटं नसतं, पण अर्धवट असतं. फोन दुसऱ्या कंपनीशी दोन तऱ्हांनी बांधलेला असू शकतो, आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

हिंगणघाटजवळच्या एका गावातल्या कापूस उत्पादकाचं उदाहरण घेऊ. नागपूरच्या सीताबर्डीतून त्याने अमेरिकेहून आलेला एक अँड्रॉइड फोन घेतला. दुकानात त्यावर व्हिडिओ झकास चालला; अर्थात तो दुकानाच्या वायफायवर. गावात येऊन एअरटेलचं सिम टाकलं आणि मला विचारलं, "भाऊ, फोन लागते, मग नेट काहून नाही चालत? अनलॉकचे पैसे मागून राहिले ते."

पैसे देऊ नको म्हटलं. कारण त्याचा साधा कॉल लागत होता, आणि खरा सिम-लॉक असलेल्या फोनवरून तो लागतच नाही.

तो लॉक असा चालतो. प्रत्येक सिममध्ये साधारण 15 अंकी ओळख क्रमांक असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. पहिले तीन अंक देशाचे (आपल्याकडे 404 किंवा 405, अमेरिकेत 310 वगैरे) आणि पुढचे दोन-तीन कंपनीचे. हप्त्यावर फोन देणारी परदेशी कंपनी फोनच्या मोडेमला, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाला, सांगून ठेवते की आपलेच अंक दिसले तर कामाला लाग. दुसऱ्याचं सिम दिसलं की फोन टॉवरवर नोंदणीच करत नाही. पडद्यावर `SIM network unlock PIN` असं येतं, आयफोनवर `SIM Not Supported`. कॉल नाही, एसएमएस नाही. फक्त 112 लागतो. आपल्याकडे कंपनीला असे बांधलेले फोन थोडेच, जिओफोन हे त्यातलं ओळखीचं उदाहरण. हा लॉक रीतसर काढायचा तर तो ज्या कंपनीने लावला तिच्याकडूनच.

आपल्या शेतकऱ्याच्या फोनचा तो लॉक आधीच निघालेला होता. शिल्लक राहिलं होतं त्या कंपनीचं सॉफ्टवेअर.

मोबाइल डेटा सुरू करताना फोनला नेटवर्ककडे एक नाव सांगावं लागतं: मला अमुक गेटवेतून इंटरनेटला जोड. या नावाला एपीएन म्हणतात. एअरटेलचं `airtelgprs.com`, जिओचं `jionet`, बीएसएनएलचं `bsnlnet`. साध्या फोनमध्ये जगभरच्या कंपन्यांची यादी असते, सिम पाहून तो योग्य नाव स्वतःच निवडतो. परदेशी कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही यादी कधी अपुरी असते, कधी जुनंच नाव तसंच राहतं. एअरटेलच्या टॉवरला अमेरिकेतलं नाव सांगितलं तर डेटाची जोडणी नाकारली जाऊ शकते. कॉलचं मात्र यात काही अडत नाही. तो 2जीवरून गेला तर एपीएन लागतच नाही, आणि व्होल्टीईवरून, म्हणजे 4जीवरून, गेला तर त्यासाठी `ims` नावाचं वेगळं एपीएन असतं. म्हणून कॉल चालू, नेट बंद.

त्याला फोनवरूनच सांगितलं: सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघड, त्यात `Access Point Names`. तिथे अमेरिकन कंपनीचं एकच नाव होतं. नवीन एपीएन घेऊन एवढंच भरायला लावलं:

```
Name: Airtel
APN: airtelgprs.com
APN type: default,supl
```

युजरनेम, पासवर्ड रिकामे. सेव्ह करून त्या नावासमोरचा गोल निवडायचा. अनेक जण इथेच विसरतात. मग विमान मोड चालू करून बंद. थोड्याच वेळात 4जीची खूण आली आणि बाजार समितीचे भाव उघडले.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. काही कंपनी-फोनमध्ये हा मेनूच बंद असतो. `Access Point Name settings are not available for this user` असं उत्तर मिळतं. मग सॉफ्टवेअर बदलणं हाच मार्ग उरतो, आणि त्यात फोन कायमचा बंद पडण्याचा धोका असतो. स्वस्त फोनसाठी तो घेऊ नये, असं माझं मत.

नाव बरोबर असूनही नेट येत नसेल तर बँड, म्हणजे फोन कोणत्या लहरी पकडतो ते, पाहावं. आपल्याकडे 4जी बऱ्याच ठिकाणी 2300 मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड 40 वर असतं, आणि अमेरिकेसाठीच्या कित्येक फोनमध्ये हा बँड नसतो. ओळखायची खूण अशी: त्याच जागी तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये 4जी पकडतं, याच्यात मात्र गावात नाही आणि शहरात गेल्यावर कधीकधी येतं. हा हार्डवेअरचा प्रश्न आहे, सेटिंग्जमधून सुटत नाही.

त्यामुळे पैसे मोजण्याआधी दुकानातच आपलं सिम टाकावं, वायफाय बंद करून एखादं पान उघडून पाहावं. `*#06#` दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढावा आणि `KYM` लिहून, एक जागा सोडून तो 15 अंकी क्रमांक 14422 वर एसएमएस करावा. फोन चोरीचा म्हणून काळ्या यादीत असेल तर उत्तरात तसं येतं, आणि अशा फोनला कुठलंच एपीएन वाचवू शकत नाही.