उभे पाणी, आडवे कमळ

कोड्यांच्या मासिकाकडे चुका दाखवणारी पत्रे दर महिन्याला येतात. कुठे वेलांटी चुकलेली असते, कुठे घरांची संख्या. मागच्या महिन्यात आठवीतल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले. तिने आमचे उत्तर चूक म्हटले नव्हते. तिचे म्हणणे होते की तिचेही बरोबर आहे.

"आदरणीय संपादक, सप्रेम नमस्कार. मागच्या अंकातल्या शब्दकोड्यात आडवा शब्द ७ 'कमळ (३)' होता. मी 'नीरज' लिहिले. त्याच घरापासून खाली जाणारा उभा शब्द ७ 'पाणी (२)' होता. तिथे 'नीर' लिहिले. 'नी' दोन्हीकडे जुळला. उभा शब्द ८ 'दुनिया (२)' म्हणजे 'जग'. त्याचा 'ज' पण जुळला. या अंकात तुम्ही उत्तर दिले आहे 'जलज' आणि 'जल'. तेही जुळते. मग माझे चूक का धरायचे? उभे-आडवे जुळले की उत्तर एकच उरते असे तुम्ही पहिल्या पानावर लिहिता. इथे तसे का झाले नाही?"

खाली तिने पट्टीने तो कोपरा आखला होता. वरच्या ओळीत तीन पांढरी घरे. खालच्या ओळीत पहिले आणि तिसरे घर पांढरे, मधले काळे. आमची उत्तरे पेन्सिलीने, तिची शाईने. एकूण पाच घरे, आणि त्यातली तीन दोन्ही भरणींत वेगळी.

प्रश्न अगदी बरोबर आहे. तो सोडवायला ते पाच घरांचे चित्रच पुरते.

आधी कमळाकडे पाहू. तीन अक्षरांत बसणारे त्याचे नेहमीच्या वाचनातले प्रतिशब्द मी सहा धरतो: पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज, वारिज. कोश उघडला तर आणखी निघतील, पण सहा पुरेत. हे शब्द एकाच साच्यातले आहेत. जिथे कमळ जन्मते ते आधी आणि 'जन्मलेले' या अर्थाचा 'ज' शेवटी. पंक म्हणजे चिखल, सरस् म्हणजे तळे, आणि उरलेल्या चारांत नीर, जल, अंबु, वारि ही सगळी पाण्याचीच नावे.

आता तिसऱ्या घरातला 'ज' पाहा. उभा शब्द 'जग' सोडवून आपण तो मिळवतो आणि एक घर पक्के झाले म्हणून खूश होतो. पण त्या 'ज'ने सहापैकी एकही शब्द बाद होत नाही. तो आधीच सगळ्यांत होता. घर भरले, माहिती मात्र काहीच मिळाली नाही. याउलट मधले घर घ्या: क, रो, र, ल, बु, रि. सहाही वेगळे. मराठी कोड्यात काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर एका घरात बसते, त्यामुळे 'नीरज'मधला 'र' आणि 'सरोज'मधला 'रो' वेगळेच धरले जातात. त्या एका घरातून एखादा स्वतंत्र उभा शब्द गेला असता तर सहांतून एकच उरला असता. आमच्या कोड्यात नेमके त्या घराखाली काळे घर होते.

एखाद्या अक्षराने किती माहिती दिली हे ते किती अनपेक्षित होते यावर ठरते, ही कल्पना अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालच्या आपल्या निबंधात गणिताने मांडली. त्यात शब्दकोड्यांचाही उल्लेख आहे. भाषेत काहीच ठरलेपण नसते, कोणतीही अक्षरे कशीही जोडून शब्द होत असते, तर कशीही भरलेली चौकट हे कोडेच ठरले असते. आणि ठरलेपण फारच वाढले तर उभे-आडवे जुळवून मोठे कोडे रचताच येणार नाही. कमळाच्या शब्दांतला 'ज' हे असे पूर्ण ठरलेले अक्षर आहे.

उरले पहिले घर: पं, स, नी, ज, अं, वा. इथेही सहा शब्दांची सहा वेगळी अक्षरे, आणि इथून तर उभा शब्द जातोही आहे. कोडे रचणाऱ्याने चौकट तपासली तेव्हा हाच छेद पाहून त्याचे समाधान झाले असणार. पहिले घर जुळले पाहिजे, ते प्रत्येक शब्दात वेगळे आहे, म्हणजे उत्तर एकच.

चूक इथे आहे. छेद उपयोगी पडतो तो उभा शब्द आडव्या शब्दाशी संबंध न ठेवता ठरत असेल तर. इथे उभ्या शब्दाचा क्लू 'पाणी' होता, आणि कमळाची चार नावे पाण्याच्याच नावांवरून झालेली आहेत. 'जल' घेतले तर 'जलज' जुळते. 'नीर' घेतले तर 'नीरज'. 'अंबु' घेतले तर 'अंबुज', 'वारि' घेतले तर 'वारिज'. आडवा शब्द बदलला की उभा त्याच्याबरोबर बदलतो आणि छेदातले अक्षर दरवेळी आपोआप जुळते. एकाच कुटुंबातले दोन साक्षीदार एकमेकांना दुजोरा देतात, तसेच हे. 'पंकज' आणि 'सरोज' तेवढे बाद होतात, कारण 'पं' किंवा 'स'ने सुरू होणारा पाण्याचा दोन अक्षरी शब्द नाही. ('सर' म्हणजे तळे. 'सलिल' पाणी आहे, पण तीन अक्षरी.) सहाचे चार झाले, एक झाले नाही. पत्रात दोन उत्तरे होती. त्या कोपऱ्यात प्रत्यक्षात चार होती.

हा धागा तरीही तुटू शकला असता. उभ्या शब्दाच्या खालच्या घरात भरणीप्रमाणे ल, र, बु किंवा रि येतो. त्या घरातून आणखी एखादा आडवा शब्द गेला असता आणि त्याचा पाण्याशी काही संबंध नसता, तर निकाल तिथेच लागला असता. पण ते घर एकटे होते, डावीकडे काळे आणि उजवीकडेही काळे. म्हणजे कमळ पाण्यावर अवलंबून, पाणी कमळावर, आणि दोघांना बाहेरून बांधणारे काहीच नाही.

असा दुहेरीपणा कोणी मुद्दामही रचतो. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या शब्दकोड्यात उद्याच्या वृत्तपत्रातली मुख्य बातमी विचारली होती. जेरेमाया फॅरेल यांनी रचलेल्या या कोड्यात 'क्लिंटन निवडून आले' हेही बसत होते आणि 'बॉब डोल निवडून आले' हेही. इंग्रजीत दोन्ही नावे सात अक्षरांची आणि त्यांचे एकही अक्षर एका जागी सारखे नाही. तेव्हा सातही उभ्या शब्दांना दोन-दोन उत्तरे असणे भाग होते. हॅलोवीनचा काळा प्राणी म्हणजे 'कॅट' किंवा 'बॅट', मांजर किंवा वटवाघूळ. शिवणकामाच्या दुकानातली खरेदी म्हणजे 'यार्न' किंवा 'यार्ड'. फॅरेल यांना हे सात जोड बेतून जमवावे लागले. आमच्या कोपऱ्यात भाषेने ते जोड आयते पुरवले होते, आणि म्हणूनच ते कोणाच्या नजरेत आले नाहीत.

मग तपासायचे कसे? उत्तर जुळते का, एवढे पाहून भागत नाही. छापलेले उत्तर जुळतेच. शोधायचे असते दुसरे उत्तर. मी आता प्रत्येक क्लूसमोर तितक्याच अक्षरांचे सुचतील ते सगळे पर्याय लिहितो आणि छापायचा शब्द खोडून दुसरा बसवतो. त्याने कोणता छेद मोडला ते पाहायचे. मोडला की लगेच थांबायचे नाही. त्या छेदातल्या शब्दालाही पर्याय आहे का, हे पाहायचे, आणि असला तर तो बसवून पुढच्या छेदाकडे जायचे. ही साखळी कुठेतरी पर्याय नसलेल्या शब्दावर आपटली तर ते दुसरे उत्तर बाद. ती न आपटता संपली, तर दुसरे उत्तर हातात आले. त्या कोपऱ्यात साखळी दोन पावलांतच संपत होती.

सुडोकूत हे काम शेवटपर्यंत नेता येते, कारण तिथे एका घरात काय बसू शकते याची यादी पूर्ण आहे: एक ते नऊ. गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकाने सगळे मूळ प्रकार चाळून दाखवले की फक्त १६ आकडे देऊन एकच उत्तर असलेला सुडोकू होत नाही, किमान १७ लागतात. शब्दांची यादी अशी बंद करता येत नाही. रचणाऱ्याच्या डोक्यात किंवा संगणकाच्या कोशात जो शब्द नाही, तो वाचकाच्या डोक्यात असू शकतो. म्हणून शब्दकोड्याचे एकच उत्तर आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की दुसरे अजून कोणाला सापडलेले नाही.

तो कोपरा दुरुस्त करायला फार काही लागले नाही. खालच्या ओळीतले डावीकडचे काळे घर पांढरे केले आणि तिथून आडवा शब्द घातला: 'रक्ताचा रंग (२)'. उत्तर 'लाल'. त्याचे दुसरे अक्षर पाण्याच्या शब्दाचे दुसरे अक्षर झाले. 'नीर' लिहिले तर 'लार' होते, 'वारि'ने 'लारि', 'अंबु'ने 'लाबु'. तिन्ही पडतात, 'जल' राहते आणि त्यामागून 'जलज'. चौकट न बदलताही हे जमले असते. उभ्या शब्दाचा क्लू "याला 'आशय' जोडला की तलाव (२)" असा दिला की 'जलाशय' आठवतो. 'नीराशय' कोणी म्हणत नाही.

तिला लिहिले की तुझी दोन्ही उत्तरे बरोबर धरली आहेत, पुढच्या अंकात तसे छापतो, आणि पहिल्या पानावरचे ते वाक्यही बदलतो. चार भरण्या आणि 'लाल'ची दुरुस्ती आखून पाठवली.

आठवड्याभरात तिचे दुसरे पत्र आले. कमळाच्या जागी 'ढग (३)' असता तरी हेच झाले असते, असे तिने दाखवले होते: जलद, नीरद, अंबुद, वारिद. पाणी देणारा तो ढग, म्हणून शेवटी ठरलेला 'द', आणि पुढे तेच पाण्याचे चार शब्द. पण इथे घर वाढवायची गरज नाही, असे तिचे म्हणणे. उभा शब्द 'पाणी'च ठेवायचा, काळे घर काळेच ठेवायचे आणि आडव्या शब्दाचा क्लू द्यायचा: 'ढगही, वेगवानही (३)'. चारही शब्द घालून पाहिले. एकच बसतो.