चालण्याच्या कॅलरी आणि फोनचे चार्जिंग

“अर्धा तास भरभर चालून १५० कॅलरी जळतात, तेवढ्या ऊर्जेत फोन एक टक्काही चार्ज होत नाही, हे खरे का?”

नाही. हा हिशेब हजारपटीने चुकतो, कारण आहारात आणि व्यायामात जिला कॅलरी म्हणतात ती वस्तुतः किलोकॅलरी असते. एक किलोकॅलरी म्हणजे १.१६ वॅट-तास, त्यामुळे सुमारे ७० किलो वजनाच्या व्यक्तीने खर्च केलेल्या १५० किलोकॅलरी म्हणजे जवळपास १७५ वॅट-तास. ५००० मिलीअँपिअर-तासांच्या, ३.८५ व्होल्टच्या बॅटरीत १९ वॅट-तास मावतात, म्हणजेच ही ऊर्जा नऊ बॅटऱ्यांइतकी भरते. चार्जरमधील गळती धरली तरी सात वेळा चार्जिंग सहज होईल. मात्र स्नायू यातील फार तर चौथा हिस्साच यांत्रिक कामात बदलतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, म्हणून ही तुलना खर्चाची आहे, मिळू शकणाऱ्या विजेची नव्हे.