समोरची कंपनी एनसीएलटीत गेली की ‘वळतं करून घेऊ’ चालत नाही, मग क्लेम भरायचा कसा

हे लिहायला बसलो कारण गेल्या काही महिन्यांत एकाच चुकीचे क्लेम हातात येतायत, आणि चूक करणारी माणसं अडाणी नाहीत, वीस-वीस वर्षं बाजारात बसलेली आहेत. मस्जिद बंदर, वडगादी, काळबादेवी, कुठेही जा, दोन कंपन्या एकमेकांना मालही देतात आणि एकमेकांकडून घेतातही, खातं चालू असतं आणि कोणी पूर्ण बिल चुकवत बसत नाही, वर्षाअखेरीला दोन्हीकडचे अकाउंटंट फोनवर बोलून वळतं करून घेतात आणि उरलेल्या फरकाचा चेक जातो. सगळं सुरळीत चालतं, समोरच्यावर दिवाळखोरीची ऑर्डर निघेपर्यंत.

आकडे घेऊनच सांगतो. समजा आपण सॉल्व्हंट विकतो आणि समोरची कंपनी आपल्याला पिगमेंट देते. आपलं त्यांच्याकडून येणं ४० लाख, आपलं त्यांना देणं २८ लाख. आपल्या डोक्यात हिशोब एकच, १२ लाख यायचे आहेत. एनसीएलटीने, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या न्यायाधिकरणाने, त्यांची सीआयआरपी सुरू केली, म्हणजे कंपनी वाचते का ते बघायची पायरी. पेपरात जाहीर सूचना आली, आपण क्लेम भरला १२ लाखांचा. प्रामाणिकपणे भरला, उगाच फुगवला नाही.

पुढे काय झालं, तर रिझोल्यूशन प्रोफेशनलने, म्हणजे आरपीने, १२ लाख मान्य केले. आणि पंधरा दिवसांनी त्याचंच पत्र आलं की तुमच्याकडून कंपनीचे २८ लाख येणं आहे ते भरा. आता माणूस चक्रावतो की अरे ते तर वजा करूनच १२ लिहिले ना! लिहिले तुम्ही, कायद्याने वजा झालेच नाहीत. सगळा घोळ इथेच आहे.

३ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने भारती एअरटेल आणि एअरसेलच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. सीआयआरपी चालू असताना वळतं करायचा सरसकट हक्क नाही. कारण साधं आहे, तुम्ही २८ लाख वळते केलेत म्हणजे तुमच्या जुन्या उधारीपैकी २८ लाख तुम्हाला शंभर टक्के मिळाले, आणि तुमच्या शेजारच्या गाळेवाल्याला, ज्याचं त्यांना काही देणं नव्हतं, त्याला कंपनी वाचवायच्या प्लॅनमध्ये ठरेल तेवढंच. एका पायरीवरच्या सगळ्या येणेकऱ्यांना सारखं वागवायचं तत्त्व तिथेच मोडतं. बँकांच्या कर्जाबद्दल आपण एरवी तावातावाने हेच बोलतो, आपल्यावर आलं की ते अन्याय वाटतं, असो.

म्हणजे त्याच आकड्यांत बघा. समजा प्लॅनमध्ये व्यापारी उधारीला ५ टक्के मिळाले (आकडा समजायला घेतलाय, कधी याहून कमी, कधी शून्यही). क्लेम ४० लाखांचा भरला असता तर २ लाख आले असते, २८ भरावे लागले असते, खिशातून २६ लाख गेले. क्लेम १२ चा भरला तर आले ६० हजार आणि २८ तरीही भरायचेच. म्हणजे वळतं तर मिळालं नाहीच, वर क्लेमही स्वतःच्या हाताने कापला. आणि नंतर आकडा वाढवायला गेलं की आरपी त्याकडे उशिरा आलेला क्लेम म्हणून बघतो, मग विनवण्या.

लोक म्हणतात, फॉर्ममध्येच रकाना आहे ना! आहे. फॉर्म बी, जो आपल्यासारख्या माल देणाऱ्यांनी भरायचा, त्यात परस्पर देणंघेणं, जे क्लेमसमोर वळतं होऊ शकतं, त्याचा तपशील विचारलाय. सरकारी फॉर्मने विचारलं म्हणजे हक्क मिळाला असं वाटणं साहजिक आहे, मलाही आधी तसंच वाटायचं. पण कोर्टाने सांगितलं की फॉर्ममध्ये माहिती मागितली म्हणून वळतं करायचा हक्क तयार होत नाही. फॉर्म असा बनवायचा आणि मग लोकांनी चुकीचा भरला म्हणायचं, ही आपल्याकडची रीतच. तर त्या रकान्यात २८ लाख लिहा, लपवू नका, पण क्लेमची रक्कम मात्र पूर्ण ४० लाख लिहा आणि खाली एक ओळ टाका की वळतं करण्याचा आमचा हक्क राखून हा क्लेम देत आहोत.

आता हक्क कधी राहतो? कोर्टाने दोन अपवाद ठेवलेत आणि सगळी लढाई तिथेच होते.

पहिला, करारातला. दोघांमध्ये वळतं करायचं ठरलेलं असेल आणि तो हक्क सीआयआरपी सुरू व्हायच्या दिवशी किंवा आधीच लागू झालेला असेल तर. आणि इथे तो कागद येतो जो कोणाकडेच नसतो! कराराचा कागद मागितला की लोक परचेस ऑर्डर दाखवतात, ब्रोकरचे व्हॉट्सॲप दाखवतात, ‘आमची वीस वर्षांची प्रथा आहे’ म्हणतात. निव्वळ प्रथेवर आरपी ऐकत नाही. करारात कलम असलं तरी नीट वाचा, कारण बरेचदा त्यात लिहिलेलं असतं की नोटीस देऊन वळतं करता येईल, आणि नोटीस कधी दिलेलीच नसते, मग आरपी म्हणतो लागू झालंच नाही.

दुसरा, एकाच व्यवहारातलं देणंघेणं. दोन्ही बाजू एकमेकांत इतक्या गुंतलेल्या की व्यवहार एकच म्हणावा लागेल, आणि तेही स्पष्ट सिद्ध झालेलं. आपल्या उदाहरणात त्या २८ लाखांच्या पिगमेंटमधला २ लाखांचा माल खराब निघाला, आपण परत पाठवला, डेबिट नोट काढली, तर हे २ लाख त्याच बिलातले आहेत, म्हणून देणं २६ लाख असं भांडायला जागा आहे. सॉल्व्हंटचे ४० आणि पिगमेंटचे २८ मात्र दोन वेगळे सौदे, एकाच लेजरमध्ये दिसतात म्हणून एक होत नाहीत. टॅलीत एका पार्टीचं एक खातं उघडलंय ही तुमची सोय आहे, कायद्याला ती दिसत नाही.

आणि एक, देणारा आणि घेणारा तोच हवा. वडिलांची फर्म माल घेते, मुलाची प्रायव्हेट लिमिटेड विकते, घरात हिशोब एक, पण कायद्यात दोन वेगळ्या व्यक्ती, यांचं त्यांच्याशी वळतं होणार नाही. पॅन बघा. एकाच कंपनीचे दोन राज्यांतले जीएसटी नंबर चालतील, पॅन वेगळा असला की विषय संपला.

मागच्या वर्षी एका ओळखीच्या अकाउंटंटने काय केलं, ऑर्डर झाल्याचं कळल्यावर घाईघाईने आधीच्या महिन्याची तारीख टाकून जेव्ही, म्हणजे जर्नल एंट्री, मारली, २८ लाख वळते, नॅरेशन छान. करू नका, पाया पडतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे, एंट्री कुठल्या दिवशी टाकली ते लॉगमध्ये दिसतं, आणि समोरच्या कंपनीच्या पुस्तकात ती एंट्री नसतेच कारण तिथे आता आरपी बसलाय. महत्त्वाची तारीख ऑर्डरची आहे, पेपरात सूचना आली ती नाही. मधले चार-पाच दिवस लोकांना मोकळे वाटतात, ते मोकळे नसतात.

खरंखुरं आधी वळतं केलेलं असेल तर वेगळी गोष्ट. समजा दर महिन्याला दोन्ही कंपन्यांनी सही करून स्टेटमेंट काढलं, दोन्हीकडे जेव्ही पडल्या, ईमेलवर कन्फर्मेशन गेलं, आणि शेवटचं वळतं ऑर्डरच्या आधीच्या ३१ तारखेला झालं, तर त्या दिवशी २८ लाख संपले, उरले १२, मग क्लेम १२ चाच बरोबर. तरी आरपी मागे वळून बघतोच, दिवाळखोरी कायद्याच्या, म्हणजे आयबीसीच्या, कलम ४३ खाली, आप्तसंबंधी पार्टी असेल तर दोन वर्षं आणि बाकीच्यांना एक वर्ष मागे, की कोणाला झुकतं माप दिलं का. रोजच्या धंद्यातला नेहमीचा व्यवहार याला सूट आहे, म्हणून दर महिन्याची सवय असलेली नोंद टिकायची शक्यता असते आणि कंपनी बुडतेय हे कळल्यावर एकदाच केलेलं मोठं वळतं धोक्यात येतं.

क्लेमची बाकीची पायरी सोपी आहे. एक कोटीची मर्यादा समोरच्याला एनसीएलटीत ओढायला आहे, क्लेम भरायला नाही, दहा हजारांचा येणेकरीही भरू शकतो, कित्येक जण याच गैरसमजात भरतच नाहीत. फॉर्म बी सोबत बिलं, ऑर्डर किंवा करार, लेजर, बँक स्टेटमेंट, जीएसटीआर-१ आणि ३बीचे संबंधित उतारे आणि लागू असतील तिथे ई-वे बिलं. जीएसटीआर-१ मध्ये न दाखवलेल्या बिलावर क्लेम अडतो, ते आधी ताळून घ्या. मुदत सुरुवातीच्या अंतरिम आरपीची नेमणूक झाल्यापासून १४ दिवस, पेपर हातात आल्यापासून नाही, जाहीर सूचनेत शेवटची तारीख छापलेली असते, तीच धरा. चुकली तर सीआयआरपी सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत, किंवा प्लॅन मागवायची सूचना निघेपर्यंत, यातलं जे नंतरचं असेल तोवर, उशिराचं कारण देऊन भरता येतो, पण त्या भरवशावर बसू नका.

मधल्या काळात घेतलेला माल वेगळा. ऑर्डरनंतर त्यांच्याकडून पिगमेंट घेतलं तर त्याचे पैसे रोख, जुन्या ४० लाखांसमोर वळते करायचे नाहीत.

पुढे प्लॅन फसला आणि कंपनी लिक्विडेशनला, म्हणजे मोडीत, गेली की चित्र उलटं होतं. लिक्विडेशनच्या रेग्युलेशन २९ मध्ये परस्पर व्यवहारांचं वळतं सरळ मान्य आहे, त्यात उदाहरणही दिलंय, एकाने शंभर देणं, दुसऱ्याने सत्तर, तर द्यायचे फक्त तीस. म्हणजे त्याच २८ लाखांसाठी सीआयआरपीत पूर्ण भरा आणि लिक्विडेशनमध्ये वजा करा. पण सीआयआरपीत भरून टाकलेत तर लिक्विडेशनला वजा करायला काही उरतच नाही, मग लोक विचारतात की थांबू का. थांबला तर आरपी एनसीएलटीत अर्ज करतो, व्याज मागतो, आणि अपवादाचा कागद नसेल तर कफ परेडच्या खेपा तुमच्याच खर्चाने. वकिलाशी बोलून, वाद खरा असेल तेवढीच रक्कम लेखी कारण देऊन अडवा, आपल्या उदाहरणात ते २ लाख, पूर्ण २८ नाही.

२०२० चा नेटिंगचा, म्हणजे वळतं करण्याचा, कायदा आलाय ना, असंही एकाने फोनवर ठणकावून सांगितलं. आलाय, पण तो ठरावीक आर्थिक कॉन्ट्रॅक्टसाठी, आणि त्यात निदान एक बाजू आरबीआय-सेबीसारख्या नियामकाखालची लागते. सॉल्व्हंट आणि पिगमेंटच्या उधारीला तो लागत नाही. त्याने दोनदा विचारलं, ‘नक्की ना?’ म्हटलं, नक्की, आणि आजची तारीख बघ, तुझा चौदावा दिवस परवा आहे.